तीन सुटी बजेटं की एकच जोडलेलं मास्टर बजेट?

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. मी सहा वर्षं विक्री, उत्पादन आणि रोख अशी तीन बजेटं वेगवेगळी ठेवली. गेली तीन वर्षं ती एकमेकांना जोडून एकच मास्टर बजेट चालवतो. ओळखीचे दोघे-तिघे सध्या याच विचारात आहेत, म्हणून दोन्हींबद्दल मला काय वाटतं ते लिहितो.

सुट्या बजेटांची बाजू आधी मांडतो, कारण ती कच्ची नाही. विक्रीचा अंदाज मी करायचो, मागांचं आणि सुताचं धाकटा भाऊ बघायचा, रोकडीचा कागद दिवाणजींकडे असायचा. ज्याचं काम त्याच्या हातात. दिवाणजींना उत्पादनाचं सूत्र कळण्याची गरज नव्हती आणि भावाला वसुलीचं गणित. एकाची चूक त्याच्याच कागदावर राहायची, हाही फायदाच. जोडलेल्या बजेटात विक्रीचा एक आकडा चुकला की तो खालपर्यंत सगळीकडे चुकत जातो.

तरीही मी पद्धत बदलली, त्याला एक दिवाळी कारण झाली. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबरची विक्री आम्ही अनुक्रमे 8,000, 10,000, 14,000 आणि 6,000 किलो धरली होती (आकडे गोल केले आहेत, जीएसटी बाजूला ठेवला आहे). पुढच्या महिन्याच्या विक्रीच्या 25 टक्के माल महिनाअखेर गोदामात असावा, असा आमचा नियम. त्यामुळे सप्टेंबरचं उत्पादन निघालं 11,000 किलो: विक्रीचे 10,000, अखेरच्या शिल्लकेचे 3,500, आणि त्यातून आधीच गोदामात असलेले 2,500 वजा. ऑक्टोबरचं याच हिशेबाने 12,000.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात एका मोठ्या गिऱ्हाइकाने 3,000 किलोची ऑर्डर सप्टेंबरवरून नोव्हेंबरवर ढकलली. मी माझ्या कागदावर सप्टेंबरचे 10,000 खोडून 7,000 केले, नोव्हेंबरचे 6,000 होते तिथे 9,000 लिहिले. माझा कागद बरोबर झाला. भावाच्या कागदावर 11,000 तसेच राहिले. त्याने त्याप्रमाणे सूत उचललं, माग चालवले. त्याचंही बरोबर होतं, त्याच्या कागदाशी तो तंतोतंत होता. दिवाणजींच्या कागदावर तर जुनीच वसुली होती.

आता ऑक्टोबर बघा. आमचा भाव 400 रुपये किलो. पैसे येतात ते असे: 20 टक्के त्याच महिन्यात, 50 टक्के पुढच्या, 30 टक्के त्याच्या पुढच्या. सुताचं बिल महिनाभराच्या उधारीवर. घट धरून किलोमागे 252 रुपयांचं सूत लागतं, आणि मजुरी-रंगाईचे 80 रुपये त्याच महिन्यात रोख जातात. ऑक्टोबरची वसुली 40.8 लाख धरली होती, ती 34.8 लाखांवर आली. जाणार होते 45.32 लाख: सप्टेंबरच्या सुताचे 27.72, ऑक्टोबरच्या मजुरीचे 9.6, वीज-भाडं वगैरे 3 आणि बोनसचे 5. महिन्याच्या सुरुवातीला हातात 6 लाख असायला हवे होते, ते सप्टेंबरच्या कमी वसुलीमुळे 3.6 राहिले. महिनाअखेर 6.92 लाखांची तूट. बोनसच्या आठवड्यात मी बँकेच्या दारात, आणि गोदामात सप्टेंबरचा न खपलेला 3,000 किलो माल.

मागणी खाली आली म्हणून त्रास झाला, असं मला तेव्हा वाटलं. नंतर तोच बदल जोडलेल्या शीटवर घालून पाहिला. सप्टेंबरचं उत्पादन 8,000 होतं, ऑक्टोबरचं 12,750. सप्टेंबरच्या मजुरीत 2.4 लाख वाचतात आणि वसुली तेवढीच घटते, म्हणून सुरुवातीचे 6 लाख तसेच राहतात. ऑक्टोबरला सुताचं बिल 27.72 ऐवजी 20.16 लाख येतं, मजुरी 10.2 लाख, आणि महिनाअखेर हातात 2.44 लाख उरतात. मूळ अंदाजात 1.48 लाख उरणार होते. म्हणजे ऑर्डर पुढे गेल्याने त्या महिन्यात रोकड उलट थोडी सैल झाली असती. 9.36 लाखांचा फरक निव्वळ आकडा एका कागदावरून दुसऱ्यावर न गेल्यामुळे पडला. हे मला आजही बोचतं, कारण चूक कोणाचीच नव्हती.

जोडायचं म्हणजे फार मोठं काही नाही. एका एक्सेल शीटवर दर महिन्याला एक ओळ, बी रकान्यात विक्री, सी मध्ये अखेरची शिल्लक, डी मध्ये उत्पादन. सूत आणि मजुरी डी वरून, वसुली बी वरून, आणि दोन्ही रोख बजेटात येतात. ऑगस्ट दुसऱ्या आणि सप्टेंबर तिसऱ्या ओळीत धरला, तर सप्टेंबरच्या उत्पादनाचं सूत्र असं:

```
=B3+C3-C2
```

इथे एक खड्डा आहे, मी स्वतः त्यात पडलोय. आरंभीची शिल्लक म्हणून C2 न घेता मी आधी पुन्हा `0.25*B3` लिहिलं होतं. विक्री 7,000 झाली तसं शीटने आरंभीची शिल्लक 1,750 धरली, आणि गोदामात तर 2,500 किलो प्रत्यक्ष पडलेले. उत्पादन 8,000 ऐवजी 8,750 दाखवलं. म्हणून गेलेल्या महिन्याच्या C मध्ये सूत्र पुसून गोदामाची खरी मोजणी टाकावी. आकडा विचित्र वाटला तर आधी इथेच बघा.

दुसरी अडचण नियंत्रणाची. जोडलेलं शीट सतत बदलत राहिलं, तर प्रत्यक्षाशी तुलना कशाशी करायची? सुट्या कागदांवर निदान वर्षाच्या सुरुवातीचा आकडा जागेवर असायचा. मी आता तिमाहीच्या सुरुवातीला एक प्रत गोठवून ठेवतो. मजुरीचा फरक काढताना मात्र ती प्रत जशीच्या तशी वापरत नाही. 11,000 किलोसाठी 8.8 लाख मजुरी धरली आणि 8,000 किलो विणून 6.8 लाख लागली, तर कागदावर 2 लाख वाचलेले दिसतात. खरं तर 8,000 किलोला 6.4 लाख पुरायला हवे होते, म्हणजे 40 हजार जास्त गेले. आधी बजेट प्रत्यक्ष उत्पादनावर आणायचं, मग फरक बघायचा.

व्यापाऱ्याचं सूत घेऊन फक्त विणून देणाऱ्यांना हे सगळं कितपत लागेल, शंका आहे. सुताचे पैसेच अडकत नसतील तर उत्पादन आणि रोकड यांचा धागा तसाही बारीक असतो, तिथे सुटे कागद चालावेत. आणि सीझनमध्ये विक्रीपेक्षा माग कमी पडत असतील, तर सुरुवात विक्रीपासून न करता मागांपासून करावी लागते. आमचे माग महिन्याला 13,000 किलोपर्यंतच जातात, त्यापुढची ऑर्डर बी रकान्यात लिहून उपयोग नसतो. पण सूत स्वतः विकत घेऊन, उधारीवर माल विकून, दिवाळीला बोनस द्यायचा असेल तर मी जोडलेल्याच बाजूला झुकेन.

हल्ली दर महिन्याच्या 25 तारखेला संध्याकाळी आम्ही तिघे शीट उघडून बसतो. मी बी रकान्यातले पुढचे तीन आकडे बदलतो, भाऊ डी बघून किती सूत उचलायचं ते ठरवतो, आणि दिवाणजी रोख बजेटाच्या शेवटच्या रकान्यात 2 लाखांच्या खालचा महिना शोधतात. सुताची ऑर्डर त्यानंतरच जाते.