जपानी पुस्तकाच्या पानाचा फोटो: लेन्स, कोश की चॅटबॉट?

जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या एन ४ पातळीला पोचलं की पुस्तकातले उतारे लांबतात आणि प्रत्येक शब्द कोशात बघत बसायला वेळ पुरत नाही. मग पानाचा फोटो काढायचा आणि त्यातून दोन गोष्टी मिळवायच्या: एकेका शब्दाचा अर्थ आणि शेजारी सरळ वाचता येईल असं भाषांतर. त्यासाठी तीन वाटा आहेत. त्यांची तुलना एकाच वाक्यावर करू.

तोमोदाचि नि साकुबुन ओ नाओशिते मोराइमाशिता.

| जपानी | शब्दशः |
|---|---|
| तोमोदाचि नि | मित्राकडून |
| साकुबुन ओ | निबंध (कर्म) |
| नाओशिते | सुधारून |
| मोराइमाशिता | घेतला |

डावा रकाना सोडा आणि उजवा वरून खाली वाचा: 'मित्राकडून निबंध सुधारून घेतला.' शब्दार्थ आणि भाषांतर जवळजवळ एकच झालं, कारण दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी येतं, प्रत्यय नामामागे लागतात आणि 'करून घेणे'सारखी रचनाही दोन्हीकडे आहे. हेच इंग्रजीत नेलं की मित्र कर्ता होतो, 'घेतला' नाहीसं होतं आणि मूळ वाक्यात नसलेला 'मी' घालावा लागतो. म्हणून माझं पहिलं मत असं, की कुठलंही साधन वापरा, पण शब्दार्थ मराठीत मागा किंवा मराठीत लिहून काढा.

गूगल लेन्स सगळ्यात झटपट. कॅमेरा धरला की भाषांतर पानावरच दिसतं. पण ते मूळ मजकुरावर चिकटवलेलं असतं, त्यामुळे कोणता अर्थ कुठल्या शब्दाचा हे कळत नाही. उताऱ्याचा विषय काय एवढंच बघायचं असेल तर ठीक. अभ्यासासाठी त्याचा खरा उपयोग वेगळा आहे: भाषांतर बाजूला ठेवून त्यातला जपानी मजकूर निवडायचा आणि कॉपी करायचा.

तिथून दुसरी वाट सुरू होते. तो मजकूर Jisho.org वर चिकटवला की वाक्याचे तुकडे पडतात आणि हव्या त्या तुकड्यावर क्लिक केलं की त्याचा अर्थ मिळतो. संगणकावर Yomitan हे ब्राउझरचं एक्स्टेन्शन त्याहून सोयीचं: कोश एकदा भरून ठेवला की शिफ्ट दाबून शब्दावर माउस नेला की अर्थ उघडतो, आणि 'नाओशिते' हे 'नाओसु'चं 'ते' रूप आहे हेही दिसतं. अँड्रॉइडवर ते फायरफॉक्समध्ये चालतं. अर्थ इंग्रजीत असतात, आणि निवड तुमची तुम्हालाच करावी लागते. 'नि'चे अनेक अर्थ समोर येतात आणि 'कडून' हा त्यांतला एकच असतो. शब्द नुसत्या हिरागानात छापला असेल तर 'नाओसु'खाली दुरुस्त करणं आणि रोग बरा करणं असे दोन वेगळे शब्द निघतात. हिरागानात तुकडेही चुकतात. 'कोकोदे हाकिमोनो' म्हणजे इथे पादत्राणं आणि 'कोकोदेवा किमोनो' म्हणजे इथे कपडे, पण हिरागानात दोन्ही अगदी सारखीच लिहिली जातात. पुढे 'काढा' असेल तर घोटाळा मोठा. कोश सगळे अर्थ समोर मांडतो, स्वतः अर्थ बनवत नाही, हा त्याचा फायदा मला मोठा वाटतो.

तिसरी वाट फोटो वाचणाऱ्या चॅटबॉटची. वरच्यासारखा तक्ता, तोही मराठीत आणि खाली सलग भाषांतरासह, फक्त इथेच एका झटक्यात मिळतो. संदर्भ बघून तो 'नि'चा नेमका अर्थ निवडतो. धोका असा, की अक्षर पुसट असलं तर तिथे बसेल असा शब्द तो बिनधास्त घालतो, आणि गाळलेल्या जागा भरा प्रकारचं पान असेल तर जागा स्वतःच भरून त्याचं भाषांतर देतो. वाक्य इतकं सुबक होतं की शंका येत नाही. उपाय सोपा: आधी भाषांतर न मागता पानावरचा मजकूर जसाच्या तसा टाइप करून मागा, ओळ न् ओळ पानाशी ताडून बघा, मगच तक्ता मागा.

वाट कुठलीही असो, फुरिगाना त्रास देतो. कांजीवरची ती बारीक अक्षरं ओळीत मिसळली की एकच शब्द दोनदा उमटतो. निघालेल्या मजकुरात कांजीच्या आगेमागे तोच उच्चार हिरागानात दिसला की हेच झालंय असं समजा आणि तेवढी अक्षरं पुसा. पान शिवणीपाशी वाकलं असेल तर ओळींची टोकं हमखास बिघडतात, म्हणून पूर्ण पान घेण्यापेक्षा एकच परिच्छेद सपाट धरून, सावली न पाडता टिपा.

एन ५ च्या विद्यार्थ्याने कोशाचीच वाट धरावी. वाक्यं छोटी असतात, आणि 'ते' रूपावरून मूळ क्रियापद ओळखायची सवय याच काळात लागते. एन ४ पासून पुढे चॅटबॉटचा तक्ता घ्या, पण प्रत्येक उताऱ्यातले शंका वाटणारे दोन-तीन शब्द कोशात पडताळा. लेन्सवर विसंबायचं ते पाट्या आणि मेन्यू वाचताना.