जाहिरातीचं वेळापत्रक कशावर लावायचं: फोन वाजतो तो तास की क्लिक पडतो तो तास?

समजा, कोल्हापूरच्या राजारामपुरीत दातांचा दवाखाना आहे आणि महिन्यात गूगल जाहिरातीतून ४० अपॉइंटमेंट आल्या. रिसेप्शनच्या वहीत त्यातले २२ फोन सकाळी १० ते १२ मधले, सोमवारी जास्तच. ही वही बघून वेळापत्रक लावलं तर रात्रीची जाहिरात बंदच होणार.

आता त्याच अपॉइंटमेंट गूगल ॲड्समध्ये तासानुसार बघा. तिथला `Conversions` कॉलम बुकिंग मोजतो ते क्लिकच्या तासाला, फोन आला त्या तासाला नाही. समजा, २२ पैकी १३ क्लिक आदल्या रात्री ९ ते ११ मधले निघाले. दाढ रात्री ठणकते, फोन सकाळी होतो. रात्र बंद केली की सकाळचे फोन आटतात आणि कारण वहीत सापडत नाही.

म्हणून माझा कौल क्लिकच्या तासाला. रात्री फक्त कॉलचं बटण बंद ठेवून फॉर्म द्या. मात्र ४० अपॉइंटमेंट आठवड्याच्या १६८ तासांत वाटू नका, तीन-चार मोठे गट करा. स्मार्ट बिडिंग असेल, म्हणजे बोली गूगलच ठरवत असेल, तर तासानुसार बोली कमी-जास्त करायला लावलेले टक्के चालत नाहीत, फक्त चालू-बंद चालतं.

तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या हॉटेलात मात्र वही बऱ्यापैकी खरी बोलते. भुकेला माणूस तासाभरात टेबलावर असतो.