क्रमांक १, २, २, ४ की १, २, २, ३? नववीचा निकाल लावताना काय निवडावं

सोलापूरच्या पूर्व भागातल्या शाळेत मी नववीचा वर्गशिक्षक आहे. सत्र परीक्षा संपली की मुख्याध्यापकांचा निरोप येतो, "सर, निकाल तयार करा." सोबत गुणांची एक शीट असते, बाकी काही सांगितलेलं नसतं. क्रमांक कसे लावायचे, गैरहजरांचं काय करायचं, हे आपणच ठरवायचं. सगळ्यात जास्त वाद क्रमांकावरून होतात, म्हणून दोन्ही पद्धती शेजारी ठेवून दाखवतो.

पट ४२, सहा विषय, एकूण ६०० गुण. वरचे चौघे असे:

| एकूण गुण | पद्धत एक | पद्धत दोन |
|---|---|---|
| ५४१ | १ | १ |
| ५२८ | २ | २ |
| ५२८ | २ | २ |
| ५१९ | ४ | ३ |

पहिल्या पद्धतीत क्रमांक ४ म्हणजे आपल्या पुढे तीन मुलं आहेत, सरळ अर्थ. दुसऱ्या पद्धतीत दुसरा क्रमांक विभागून जातो आणि तिसरा रिकामा राहत नाही. मात्र तीच पद्धत खालपर्यंत नेली तर वर्गातल्या शेवटच्या मुलाचा क्रमांक ४२ ऐवजी तिशीत येऊ शकतो, आणि शेजारी 'पट ४२' छापलेलं असेल तर पालकांची दिशाभूल होते. म्हणून प्रगतिपत्रकासाठी मी पहिलीच घेतो. बक्षीस समारंभात मात्र दुसरीच योग्य. पहिल्या पद्धतीने ५१९ गुणांच्या मुलीला तिसरं बक्षीस मिळतच नाही, आणि त्यात तिचा काही दोष नसतो. आधी गेल्या वर्षीची फाइल उघडून पाहा. शाळेची रीत त्यात दिसली तर तीच चालू ठेवा.

पण कोणतीही पद्धत घेतली तरी क्रमांक नुसत्या बेरजेवर लावू नका. गेल्या खेपेला एका मुलाची बेरीज ४१२ होती, पण गणितात २८. बेरजेवर तो अकरावा आला होता, म्हणजे नापास मुलाला क्रमांक आणि त्याच्या खालच्या सगळ्यांचा क्रमांक एकाने मागे. एक मुलगी विज्ञानाला गैरहजर होती, तरी पाच विषयांत तिचे ४५५ झाले आणि तीही यादीत वर बसली. नापास मुलाला सगळ्यात कमी गुण काढणारं `MIN` पकडतं, पण या मुलीला नाही, कारण ते फक्त आकडे बघतं, 'गैरहजर' हा शब्द सोडून देतं. म्हणून आकडे किती आहेत तेही मोजायचं. विषय C ते H, बेरीज I मध्ये आणि पासाची अट प्रत्येक विषयात ३५ असेल तर K मध्ये हे टाका:

```
=IF(OR(COUNT(C2:H2)<6,MIN(C2:H2)<35),"",I2)
```

मग क्रमांक, पहिल्या पद्धतीने:

```
=IF(K2="","",RANK.EQ(K2,K$2:K$43))
```

दुसऱ्या पद्धतीने (हे गुगल शीट्समध्येच चालतं):

```
=IF(K2="","",COUNTUNIQUEIFS(K$2:K$43,K$2:K$43,">"&K2)+1)
```

या `COUNT` मुळे आणखी एक चूक सापडते. मराठी कीबोर्डवरून टाकलेला ४२ शीट बहुतेक वेळा मजकूर समजते आणि `SUM` त्याला गाळतं. अशी मुलं बेरजेत निमूटपणे मागे पडतात. ओळखायची खूण सोपी आहे: खरा आकडा खान्यात उजवीकडे टेकतो, मजकूर डावीकडे. K रिकामा आला आणि मूल नापासही नाही, गैरहजरही नाही, तर त्या ओळीत डावीकडे टेकलेला आकडा शोधा.

श्रेणीचं थोडक्यात. दहावीच्या धर्तीवर ७५ टक्क्यांना विशेष प्रावीण्य, ६० ला प्रथम श्रेणी, ४५ ला द्वितीय, ३५ ला उत्तीर्ण. टक्के श्रेणी ठरवण्याआधी पूर्णांकात करायचे की नंतर, एवढं ठरवा. ७४.६ चा ७५ करून श्रेणी दिलीत तर सगळ्यांना तसंच द्या. मी श्रेणी मूळ टक्क्यांवरच लावतो.

वर्गाच्या गोषवाऱ्यात गैरहजरांचा प्रश्न परत येतो. गणिताला ४० मुलं बसली, त्यांची बेरीज २,२४०, म्हणजे सरासरी ५६. तोच खाना गैरहजर दोघांसाठी ० लिहून भरला तर सरासरी ५३.३ होते, आणि गणिताच्या सरांना विनाकारण जाब द्यावा लागतो. शून्य हे पेपर देऊन मिळवलेले गुण आहेत, गैरहजेरी नव्हे. उत्तीर्णांचंही तसंच: ३४ पास, तर बसलेल्यांपैकी ८५ टक्के, पटापैकी ८१. मी दोन्ही आकडे लिहितो, मुख्याध्यापकांना हवा तो घेता येतो.

शीटच्या वरच्या ओळीत हेही लिहून पाठवतो: "क्रमांक फक्त सर्व विषयांत उत्तीर्ण विद्यार्थ्यांना, समान गुणांना समान क्रमांक, त्यापुढचा क्रमांक सोडला आहे, गैरहजर सरासरीत धरलेले नाहीत." बदल हवा असेल तर मुख्याध्यापक नेमकी ती ओळ दाखवून सांगतात आणि मला एक सूत्र बदलावं लागतं.