२१ मिलिमीटरचा अर्धा इंच

आमच्या न्हाणीघरातील शॉवरचा आर्म, म्हणजे भिंतीतून बाहेर येऊन खाली वाकलेली नळी, वळणापाशी मुलामा उडून हिरवट पडली होती आणि शॉवरची जाळी क्षारांनी इतकी बुजली होती की निम्म्या धारा भलत्याच दिशेला उडत. जाळी व्हिनेगरमध्ये भिजवून एकदा साफ केली, पण गोल सांध्यातून होणारी गळती काही थांबली नाही, म्हणून शॉवर आणि आर्म दोन्ही बदलायचे ठरवले. भिंतीतील पाइपाला कोणता आर्म बसेल हे नीट कळावे म्हणून जुना आर्म काढून मी दुकानात घेऊन गेले. नमुना सोबत नेला हे योग्यच झाले; फसवणूक झाली ती त्या नमुन्याच्या मापावरून.

मी अर्धा इंची आर्म मागितला. दुकानदाराने माझ्या आर्मच्या आट्यांवर व्हर्नियर लावला आणि आकडा मलाच वाचायला सांगितला. तो २१ मिलिमीटरला जरासा कमी होता. “अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, ताई. तुमचा पाइप जुन्या मापाचा आहे, हे माप आता येत नाही,” असे म्हणून त्याने एक पितळी जोडतुकडा काढला. त्याचे एक टोक जुन्या मापाचे आणि दुसरे नव्या मापाचे असल्याचे सांगितले आणि त्यासोबत “खास त्याच मापाचा, भरीव पितळेचा” लांब आर्म व आठ इंची गोल शॉवर दिला. या सगळ्याची किंमत साध्या आर्मच्या आणि शॉवरच्या कितीतरी पट होती. जुना आर्म त्याने “भंगारात घालतो” म्हणून ठेवून घेतला. आकडा मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचला होता, त्यामुळे शंका घ्यायला जागाच उरली नाही. त्याने विकलेल्या नव्या आर्मवर तोच व्हर्नियर लावून पाहावा, एवढे मात्र मला सुचले नाही.

खरी गोष्ट अशी आहे की नळकामात “अर्धा इंच” हे आट्यांच्या बाहेरील व्यासाचे माप नसतेच. हे नाव जुन्या लोखंडी पाइपाच्या आतल्या पोकळीवरून पडलेले आहे आणि पाइपाची जाडी धरून अर्धा इंची बीएसपी, म्हणजे ब्रिटिश पद्धतीच्या आट्यांचा बाहेरील व्यास २०.९५ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ २१ भरतो. पाऊण इंची आट्यांचा तोच व्यास सुमारे २६.४ मिलिमीटर असतो. म्हणजे व्हर्नियरवर दिसलेला आकडा माझा पाइप वेगळ्या मापाचा असल्याचा पुरावा नव्हता, तर तो अगदी साधा, सर्रास मिळणारा अर्धा इंची असल्याचा पुरावा होता. पुढच्या गिऱ्हाइकालाही तो हाच खेळ दाखवत असणार, कारण यात खोटा आकडा सांगावाच लागत नाही.

दुकानाच्या माणसाने घरी येऊन सामान बसवले. जोडतुकडा भिंतीतील एल्बोमध्ये, म्हणजे पाइपाच्या टोकाच्या काटकोनी जोडात, जेमतेम तीन फेरे गेला. उरलेली कसर त्याने टेफ्लॉन टेपचे जाड थर गुंडाळून आणि पान्हा जोरात आवळून भरून काढली. जोडतुकड्यामुळे आर्म भिंतीपासून इंचभर पुढे आला आणि भिंतीतले भोक झाकणारी नेहमीची चपटी चकती, म्हणजे फ्लँज, टाइलला टेकेना, म्हणून त्याने खोल वाटीसारखी फ्लँज लावून सगळे झाकून टाकले. दिसायला काम सुरेख झाले होते. त्या फ्लँजच्या आत काय चालले आहे हे पाहण्याची सोय मात्र संपली.

शॉवरच्या आर्ममध्ये पाणी फक्त कॉक उघडल्यावर येते, त्यामुळे तेथील गळती आंघोळीपुरतीच होते आणि आधीच ओल्या असलेल्या भिंतीवर ती लक्षात येत नाही. आमच्या भिंतीच्या पलीकडच्या बाजूला, खोलीत, दोन महिन्यांनी रंगाला फुगे आले. मी त्याचा संबंध पावसाशी लावला. सातव्या महिन्यात शॉवरची दिशा बदलताना आर्म आट्यांपाशीच तुटून हातात आला आणि त्याचे टोक जोडतुकड्यात अडकून राहिले.

या वेळी आलेल्या वयस्कर प्लंबरने तुटलेला भाग उजेडात धरला. वरून चकचकीत क्रोम होता आणि तुटलेल्या जागी धातू करडा, दाणेदार दिसत होता. पितळ असते तर तेथे पिवळा रंग दिसला असता. हा जस्ताचा ओतीव मिश्रधातू होता. चुंबक लावून हा फरक कळत नाही, कारण पितळाला आणि जस्ताला, दोघांनाही चुंबक चिकटत नाही. लोखंडी पत्र्याचा आर्म तेवढा चुंबकाने पकडता येतो. जस्ताच्या आट्यांवर पान्ह्याचा अतिरेक झाला, त्यावर लांब आर्मच्या टोकाला पाण्याने भरलेला जड शॉवर लोंबकळत राहिला, म्हणजे तडा तेथेच जाणार होता.

त्यांनी जोडतुकडा काढला, आतले अडकलेले टोक करवतीच्या पात्याने चिरून सोडवले आणि आपल्या पिशवीतील एक साधा अर्धा इंची आर्म घेतला. तो जोडतुकड्याच्या आतून आटे असलेल्या टोकात हाताने सहज फिरला. मग तोच आर्म टेप न लावता भिंतीतील एल्बोमध्ये घातला, तर तेथेही हाताने चार फेरे गेला. दोन्ही टोके एकाच मापाची होती! त्या जोडतुकड्याचे काम माप बदलण्याचे नव्हतेच. तो केवळ एक जास्तीचा, गळणारा सांधा होता.

हीच परीक्षा विकत घेण्यापूर्वी करता येते. एल्बोच्या मापाचा आर्म कोरडाच, हाताने, तीन-चार फेरे तरी विनासायास गेला पाहिजे. या आट्यांचा एक फेरा सुमारे १.८ मिलिमीटरचा असतो, त्यामुळे आत किती लांबी गेली हे मोजता येते. दोन-तीन फेऱ्यांतच जड जाऊ लागला, तर आटे चेपलेले तरी असतात किंवा ते अमेरिकी एनपीटी पद्धतीचे तरी असतात. त्यातही इंचाला १४ च आटे असल्यामुळे सुरुवातीला जुळल्याचा भास होतो, पण कोन निराळा असल्याने ते पुढे अडकतात आणि गळतात. अशा वेळी टेप वाढवणे हा उपाय नव्हे. एल्बो टाइलच्या बराच आत असेल तर जोडतुकडा खरोखर लागतो. पण तो लांबी वाढवण्यासाठी, आणि विकणाऱ्याने तसे सांगून विकावा.

नवीन आर्म बसवताना त्या प्लंबरने फ्लँज भिंतीला न टेकवता आर्मवर पुढे सरकवून ठेवली, शॉवरच्या जागी टोपण लावले, कॉक पूर्ण उघडला आणि सांध्याभोवती कोरडा कागद धरून दहा मिनिटे थांबले. टोपणामुळे सांध्यावर आंघोळीच्या वेळेपेक्षा जास्त दाब येतो. कागद कोरडा राहिल्यावरच फ्लँज मागे ढकलली.

मी तुटलेला आर्म आणि जोडतुकडा घेऊन दुकानात गेले व त्याच्याच फळीवरचा साधा आर्म त्या जोडतुकड्यात फिरवून दाखवला. त्याने तो पाहिला, आणि “बसवलेला माल परत घेत नाही” एवढेच म्हणाला. पावतीवर मालाचे नाव “शॉवर सेट” असे होते. धातू आणि माप यांपैकी काहीच लिहिलेले नव्हते, आणि माझा जुना आर्म केव्हाच भंगारात गेला होता.