कामाची फोड टप्प्यांनी करावी की वस्तूंनी? एका कन्व्हेयरचा हिशोब

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावात फाउंड्रीसाठी फॅब्रिकेशनची कामं घेणाऱ्याला कोटेशनआधी कामाची फोड करावीच लागते. ती दोन तऱ्हांनी होते. डिझाइन, खरेदी, फॅब्रिकेशन, इरेक्शन, ट्रायल अशी टप्प्यांनी, नाहीतर ग्राहकाच्या ताब्यात जाणाऱ्या वस्तूंनी. दोन्हींना वर्क ब्रेकडाऊन स्ट्रक्चर म्हणतात. फरक असा की दोन्हींत विसरायच्या गोष्टी वेगळ्या.

आमचं एक काम सांगतो. साचा फोडून कास्टिंग बाहेर काढतात त्या नॉकआऊटची वापरलेली वाळू चाळणीपर्यंत नेणारा १८ मीटरचा बेल्ट कन्व्हेयर. फोड टप्प्यांनी केली, कोटेशन ८ लाख ४० हजारांचं गेलं, त्यात नफा ८४ हजार धरला होता. ट्रायलच्या दिवशी पट्टा सुरू झाला आणि खाली उभा असलेला फिटर म्हणाला, "साहेब, पट्टा झकास फिरतोय, पण वाळू पडायची कुठं?" कन्व्हेयरचं डोकं आणि चाळणीचं तोंड यांत दोन फुटांचं अंतर होतं. तिथं वाळू घसरत खाली नेणारी चूट कुणीच धरली नव्हती. मग एकेक बाहेर येत गेलं: चूट २६ हजार, पट्टा तातडीनं थांबवायचा पुल-कॉर्ड स्विच आणि त्याची केबल १८ हजार, पुलीचे गार्ड १२ हजार, फाउंडेशन बोल्ट आणि ग्राउटिंग १८ हजार. एकूण ७४ हजार. हातात १० हजार उरले.

हे निष्काळजीपणानं झालं नाही. "फॅब्रिकेशन" या शब्दात सगळंच मावतं, म्हणून त्यात काय नाही हे दिसत नाही. तो शब्द वाचला की डोळ्यांपुढं वेल्डिंग चाललेलं येतं, चूट येत नाही. तास किती लागतील याचा अंदाज मात्र या फोडीत चांगला येतो, कारण माणसं टप्प्यांनीच काम करतात.

पुढच्या कामाला फोड वस्तूंनी केली: स्ट्रक्चर, पट्टा आणि आयडलर, ड्राइव्ह, चूट आणि हॉपर, इलेक्ट्रिकल आणि सेफ्टी, फाउंडेशन, ड्रॉइंग आणि मॅन्युअल. इथं नियम एकच, पण तो काटेकोर पाळायचा: खालच्या फांद्यांची बेरीज वरच्या फांदीएवढी शंभर टक्के व्हायला हवी, कमी नाही आणि जास्तही नाही. "ड्राइव्ह" म्हणजे मोटर, गिअरबॉक्स, कपलिंग, बेस फ्रेम आणि कपलिंगचा गार्ड. एवढ्यात ड्राइव्ह पूर्ण झाला का, असा प्रश्न विचारता येतो. "फॅब्रिकेशन पूर्ण झालं का" याला कागदावर उत्तर नाही.

पण या फोडीलाही भोक आहे. त्या वेळी दोन दिवसांची हायड्रा क्रेन आणि माल न्यायचा ट्रेलर राहिला, कारण ते कोणत्याच वस्तूचे नव्हते. सुपरव्हिजन, ड्रॉइंग मंजुरीच्या फेऱ्या, ट्रेनिंग यांचंही तसंच होतं. त्यांना वेगळी फांदी द्यावीच लागते.

दुसरं भोक वस्तूंमधल्या सांध्यांचं. आता मी शेजारी लागणाऱ्या प्रत्येक जोडीवर बोट ठेवून विचारतो: हा जोड कुणाचा? नॉकआऊटचा हॉपर आणि पट्टा, पट्टा आणि चाळणी, पॅनल आणि ग्राहकाची मेन केबल, खांब आणि जमीन. ग्राहकाच्या जुन्या यंत्रापाशी येणारे सांधे आधी तपासावेत, कारण तिथं दोघंही समोरचा करेल असं धरून चालतात. जो सांधा आपला नाही तो कोटेशनमध्ये "ग्राहकाकडे" असं लिहून टाकायचा.

म्हणून नवी वस्तू बनवायची असेल तर वरची पातळी वस्तूंचीच ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. टप्पे त्याखाली घ्यावेत: प्रत्येक वस्तूचं डिझाइन, खरेदी, बनवणं, बसवणं. मग टप्प्यांची यादी आडवी फिरवून पाहायची. बसवण्याच्या रकान्यात सगळ्या वस्तू एकत्र दिसल्या की हायड्रा आपोआप आठवते.

किती खोल जायचं? एका तुकड्याला ८ ते ८० तास, हा ठोकताळा प्रचलित आहे. महिनाभराच्या कामाला ८० तासांचा तुकडा फार मोठा होतो. आम्ही दोन दिवसांच्या कामापाशी, किंवा एका सप्लायरचा एक दर मिळतो तिथं थांबतो. नट-बोल्टपर्यंत फोडलं तर यादी कुणी वाचत नाही आणि पुन्हा गोष्टी सुटतात.

टप्प्यांची फोड मी दोन ठिकाणी मात्र ठेवतो. एक, शटडाऊनमधली दुरुस्ती. तिथं नवी वस्तूच नसते, उतरवणं, तपासणं, बदलणं, चालवणं हाच क्रम असतो. दोन, तोच कन्व्हेयर तिसऱ्या-चौथ्यांदा बनवताना. वस्तूंची यादी तेव्हा पक्की झालेली असते आणि खरा प्रश्न तासांचा असतो. तरीही जागा बदलली असेल, तर सांध्यांची तपासणी नव्यानं करतो. ती टेबलावर होत नाही. फिटरला सोबत घेऊन टेपनं मोजायला जागेवरच जावं लागतं.