‘चोवीस तास, अठरा हजार’ : आईसाठी घरी मावशी ठेवल्याचा नऊ महिन्यांचा अनुभव

फोनवर एजन्सीच्या बाईंनी एका दमात सांगितलं, "चोवीस तास मावशी, महिना अठरा हजार, नोंदणीचे दोन हजार वेगळे." मी लगेच हो म्हटलं. आई तेव्हा खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन होऊन घरी यायची होती, वय नुकतंच ८० पूर्ण, आणि माझी शाळेतली रजा संपत आली होती. मी जुळे सोलापुरात, भाऊ पुण्यात. मार्च ते नोव्हेंबर २०२५ असे नऊ महिने आम्ही तीन वेगवेगळ्या पद्धतींनी माणूस ठेवला. आता वही समोर घेऊन लिहितेय. दर आमच्या भागातले, आम्ही प्रत्यक्ष दिलेले आहेत.

पहिला महिना. मावशी अक्कलकोट तालुक्यातल्या, आईशी कानडीत गप्पा मारायच्या, त्यामुळे आई खूश. महिनाअखेरीला मात्र मी खर्च मांडला आणि गार पडले. मावशींना महिन्याला दोन सुट्ट्या, त्या दिवशी बदली मावशी ९०० रुपये रोजाने. घरात राहणाऱ्या माणसाचा चहा, नाष्टा, दोन वेळचं जेवण धरलं तर दिवसाला शंभर रुपये सहज. डायपर दिवसाला तीन आणि खाली घालायचे पॅड मिळून ३,७५० रुपये. फिजिओथेरपीवाले आठवड्यातून तीनदा घरी येत, त्यांचे ४,८००. डोकं-पाय वर होणारी दवाखान्याची कॉट भाड्याने, २,५००. सगळं मिळून ३३,८५० रुपये झाले. यात आईची रोजची औषधं नाहीत, ती आधीपासून होतीच. म्हणजे एजन्सीने सांगितलेला आकडा हा खऱ्या खर्चाच्या निम्म्याहून थोडाच जास्त होता. त्यात एजन्सीने खोटं काही सांगितलं नव्हतं. त्यांनी माणसाचा दर सांगितला, मी तो सांभाळण्याचा खर्च समजले.

पण पैशांपेक्षा मोठी चूक ‘चोवीस तास’ या शब्दात होती.

तिसऱ्या आठवड्यात आईला पुसताना माकडहाडापाशी लालसर डाग दिसला. बोटाने दाबला तर पांढरा पडून परत लाल व्हायला हवा होता, तो तसाच लाल राहिला. डॉक्टरांनी दवाखान्यातून सोडताना हीच खूण सांगितली होती: दाबून रंग बदलला नाही तर शय्याव्रणाची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात समजा. सावळ्या अंगावर लाली नीट दिसत नाही, तेव्हा तिथली कातडी आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागते का ते हाताने बघायचं. हवेची गादी घातली होती, पंप चालू होता. तरी दर दोन तासांनी कूस बदलायला सांगितलं होतं, आणि रात्री ती बदलली जात नव्हती.

मला आधी मावशींचा राग आला. मग मी आठवडाभर आईच्या खोलीत झोपले आणि उशाशी वही ठेवली. कूस बदलणं, डायपर, पाणी, "पाय दुखतोय गं" असं सगळं धरून आईला रात्री अकरा ते सकाळी सहा या वेळात पाच-सहा वेळा माणूस लागत होतं. मावशी दोनदा उठायच्या. त्या सकाळी सहापासून पायावर असत. अंग पुसणं, भरवणं, उठवून बसवणं, चादरी धुणं. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे पाणी आलं की साठलेल्या चादरींचा ढीग वेगळाच. असा दिवस काढलेली पन्नाशीची बाई रात्री सहा वेळा कशी उठणार? घरी राहणारी एक मावशी म्हणजे चोवीस तास घरात असलेलं माणूस. चोवीस तास जागं माणूस हवं असेल तर दोन माणसं लागतात, दिवसाची आणि रात्रीची. एजन्सीच्या यादीत या दोन वेगळ्या ओळी असतात, पण फोनवर दोन्हीला ‘चोवीस तास’च म्हणतात.

म्हणून कोणी विचारलं तर मी पहिलं हेच सांगते: दर विचारण्याआधी सात रात्रींची नोंद करा. रात्री एकदा-दोनदाच उठावं लागत असेल तर घरी राहणारी मावशी पुरते. चार-पाचच्या वर गेलं तर ती पुरत नाही, आणि ते तुम्हाला पेशंटच्या पाठीवर कळतं.

एप्रिलपासून आम्ही दोन पाळ्या लावल्या. दिवसपाळी ६५० रुपये, रात्रपाळी ६००, महिन्याचे ३७,५०० रुपये. ऐकायला अठरा हजारांच्या दुप्पट वाटतं. पण पाळीवाल्या मावश्या स्वतःचा डबा आणतात, आपण फक्त चहा द्यायचा, आणि खाडा झाला की त्या दिवसाचे पैसे द्यायचे नाहीत. घरी राहणाऱ्या मावशीवर सुट्टी आणि जेवण धरून २२,८०० जात होते, म्हणजे खरा फरक १४,७०० रुपयांचा. डायपर, फिजिओ, कॉट तेच. महिन्याचा एकूण खर्च ४८,५५०. डाग पंधरा दिवसांत गेला, जखम झाली नाही. जखम झाली असती तर ड्रेसिंगसाठी सिस्टर लागली असती. मावशी इंजेक्शन, कॅथेटर, ड्रेसिंग यांना हात लावत नाहीत आणि लावूही देऊ नये.

दोन पाळ्यांची खोड एकच, ती म्हणजे बदलाबदली. तीन महिन्यांत आईने पाच चेहरे पाहिले. सोलापुरात एप्रिल-मेचा उन्हाळा कसा असतो ते सांगायला नको. दुपारी दिवसपाळीच्या मावशींचा फोन आला की माझ्या पोटात गोळा यायचा. आषाढीच्या वारीच्या दिवसांत तर एजन्सीच्या निम्म्या मावश्या पंढरपूरला. ते दिवस मी रजा टाकून काढले.

जुलैपर्यंत आई वॉकर धरून बाथरूमपर्यंत जाऊ लागली. इथे मी पुन्हा वही काढली, पण या वेळी दोन वेगळे तास मोजले. आईला प्रत्यक्ष हात कधी लागतो आणि घर रिकामं कधी असतं. हात लागायचा सकाळी अंघोळीला, दुपारी एकदा, संध्याकाळी फिरवायला. सगळे मिळून तीन-साडेतीन तास. तेवढ्यापुरती मावशी स्वस्त पडली असती. पण मी शाळेत असताना आई पडली तर? म्हणून सकाळी दहा ते संध्याकाळी सहा अशी आठ तासांची मावशी पाहिली, शेजारणीच्या ओळखीने, एजन्सीशिवाय. ४५० रुपये रोज, रविवार सुट्टी. आधारची प्रत घेतली, पगार दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यावर. दिवाळीआधी त्यांनी पाच हजार उचल मागितली, ती दरमहा हजाराने कापायची ठरली. कॉट परत केली, डायपर फक्त रात्रीचा एक, फिजिओ आठवड्यातून एकदा. खर्च उतरून १४,३५० रुपये झाला.

आता पैसे कुठून आले ते. बाबा रेल्वेत होते, आईला कुटुंब पेन्शन आहे. मूळ १२,०००, त्यावर तेव्हा ५५ टक्के महागाई भत्ता, हातात १८,६००. तिचं खाणं, औषधं, लाइटबिलाचा वाटा यांत आठएक हजार जातात, उरलेले मावशीसाठी. ८० वर्षं पूर्ण झाली की केंद्राच्या पेन्शनमध्ये मूळ रकमेच्या २० टक्के वाढ मिळते, ज्या महिन्यात वाढदिवस येतो त्याच्या १ तारखेपासून. आमची ती फेब्रुवारीपासून लागू व्हायला हवी होती, झाली नाही. कारण बाबांच्या पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या कागदावर, आईची जन्मतारीखच नव्हती! ज्या घरात कुटुंब पेन्शन आहे त्यांनी आजच तो कागद काढून जन्मतारखेचा रकाना बघावा. पॅन, आधार आणि अर्ज देऊन बँकेत चार चकरा झाल्या, वाढ ऑगस्टमध्ये थकबाकीसकट लागली. २,४०० रुपये मूळ आणि त्यावरचा भत्ता, असे महिन्याला ३,७२० जास्त. त्या वेळी पेन्शनमधून खर्च जाऊन १४,३२० उरले आणि मावशी-डायपर-फिजिओचे १४,३५०. तीस रुपयांचा फरक! मी वहीत त्याभोवती गोल काढला होता.

पण नऊ महिन्यांचा एकूण खर्च, वॉकर, कमोड खुर्ची, गादी आणि नोंदणी धरून २,५९,८५० झाला, आणि पेन्शनमधून थकबाकीसकट भागले १,३२,६००. वरचे सव्वा लाख बहुतेक एप्रिल-मे-जूनचे. त्यासाठी आईची एक लाखाची एफडी मोडली, बाकीचे भावाने दिले. मेडिक्लेम किंवा सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड यातलं काही देत नाही. ते दवाखान्यात भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे, घरच्या मावशीच्या पगारासाठी नाही. हे मला तीन जणांनी ‘कार्ड काढ ना’ म्हणून सांगितल्यावर समजावत बसावं लागलं.

भावाचं म्हणणं होतं की आईच्या उरलेल्या सहा लाखांच्या एफडी सगळ्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकू, ८.२ टक्के मिळतात. मी अडवलं. त्या योजनेत वर्षाच्या आत पैसे काढले तर व्याज मिळत नाही, नंतर काढले तरी मुद्दलातून कपात होते. आणि व्याज येतं तीन महिन्यांनी, मावशीचा पगार असतो पाच तारखेला. म्हणून दीड लाख साध्या एफडीत ठेवले. दोन पाळ्यांचे तीन महिने निघतील एवढी ती रक्कम आहे. आई पुन्हा पडली, पुन्हा ऑपरेशन झालं तर हाताशी असावी. साडेचार लाख योजनेत. त्याचे तीन महिन्यांना ९,२२५ येतात, ते पगारवाढ आणि खाड्यांसाठी.

एक ओळ मी वहीत बरेच दिवस लिहिली नव्हती. १४,३५० मध्ये रात्र कुठेच नाही. रात्री आईच्या खोलीत मी झोपते, दोरीला बांधलेली घंटी वाजली की उठते, कमोडवर बसवते, परत निजवते. रात्रपाळीच्या दराने त्याचे महिन्याला अठरा हजार होतात. म्हणजे आजचा खरा खर्च ३२,३५० आहे, त्यातले १८,००० मी झोपेत भरते. ऑक्टोबरमध्ये मी ती ओळ हिशेबात टाकून भावाला फोटो पाठवला. दोन दिवस त्याचं उत्तर नव्हतं. मग फोन आला, महिन्यातले दोन शनिवार-रविवार तो येणार आणि त्या रात्री त्याच्या. नोव्हेंबरपासून येतोय. आई त्याला घंटी न वाजवता हाकच मारते, तो पहिल्या हाकेला उठत नाही, ही तक्रार सोमवारी सकाळी मला ऐकायला मिळते. आणि त्याच्या गाडीभाड्याचे पैसे आईच्या खर्चात धरायचे की नाही, यावर आमचा वाद अजून चालू आहे.