एसीची जाळी काढताना पॅनेल नुसतं उचलायचं की उतरवून ठेवायचं?

स्प्लिट एसीची जाळी घरच्या घरी धुणाऱ्यांत दोन पंथ आहेत. एक पॅनेल वर उचलतो, ते तिथंच अडकवतो आणि जाळ्या खाली ओढून घेतो. दुसरा आधी पॅनेल पूर्ण उतरवून पलंगावर ठेवतो, मग जाळीला हात लावतो. मी दोन्ही करून बघितलंय. माझा कल पुढं कळेलच, पण तुमच्या भिंतीवर काय सोयीचं पडेल ते थोडं वेगळंही असू शकतं.

आमचं घर बेळगावात वडगावला. शेजारी यंत्रमाग, त्यामुळं जाळीवर धूळ कमी आणि सुताचा भुसाच जास्त. तो जाळीवर चिकटून नमद्यासारखा थर धरतो. निपाणीच्या मावसभावाकडं तंबाखूची वखार जवळ. त्याच्या जाळीवरची भुकटी दोन टिचक्यांत खाली पडते. त्यामुळं त्याला महिन्यातून एकदा हात लावला तरी चालतं, आम्हाला उन्हाळ्यात दर पंधरवड्याला स्टूल काढावं लागतं. म्हणूनच पॅनेल उघडायची पद्धत आमच्या घरात जरा गंभीर विषय आहे.

नुसतं उचलण्याच्या बाजूनं बोलायचं तर ते काम पटकन होतं. एमसीबी बंद करायचा, दोन्ही कडांच्या खाचांत अंगठे घालायचे आणि दोन्ही बाजू एकदम, सारख्या उचलायच्या. ठरावीक उंचीवर पॅनेल ‘टक’ करून थांबतं. तिथून पुढं रेटायचं नाही. जाळीच्या खालच्या कडेला धरायची जागा असते. ती किंचित वर ढकलली की आतल्या अडकणीतून सुटते, मग जाळी खाली येते. सरळ खाली हिसडली तर जाळीची चौकट वाकते. या पद्धतीत पॅनेल ज्यांवर फिरतं त्या दोन टोकांच्या खुंट्या आपल्या जागेवरून हलत नाहीत, म्हणजे दर वेळी त्यांना वाकवायचा प्रश्न येत नाही. हा मुद्दा खराच वजनदार आहे. मावसभाऊ याच पंथातला आणि त्याच्या पॅनेलला आजवर काही झालेलं नाही.

पण त्याच्या एसीच्या वर मोकळी भिंत आहे. आमच्या एसीच्या वर माळा आहे.

माझ्यासाठी सगळा निकाल इथंच लागला. पॅनेल ‘टक’ व्हायच्या आधीच माळ्याच्या कडेला टेकतं, म्हणून वर राहतच नाही. एका हातानं धरून ठेवायचं आणि दुसऱ्या हातानं जाळी ओढायची. धरणारा हात साहजिकच एका टोकाला असतो, त्यामुळं पॅनेलला पीळ बसतो आणि तो सगळा दुसऱ्या टोकाच्या खुंटीवर येतो. त्यात जाळी अडकली म्हणून जरा जोर लावला की कोपरानं पॅनेल आणखी वर ढकललं जातं. प्लास्टिकची खुंटी अशा पिळाला फार सोसत नाही आणि काही वर्षं गेली की ती आणखी कडक होते.

सर्व्हिसला आलेल्या एका पोरानं असंच एका हातानं काम उरकलं आणि डावी खुंटी गेली. तो निघून गेल्यावर संध्याकाळी कळलं. पॅनेलची डावी कड बोटभर खाली लोंबत होती आणि पंखा जोरात लावला की खरखर यायची. त्या कडेला बोट दाबलं की आवाज बंद. तुमच्याकडंही बोट दाबून आवाज थांबत असेल तर मोटरीवर संशय घेण्याआधी खुंटी बघा. फेविक्विकनं चिकटवली, ती पुढच्या वेळी उघडेपर्यंतच टिकली, कारण उघडझाप करताना वाकायचा ताण बरोबर त्याच सांध्यावर येतो. खुंटी पॅनेलबरोबर एकाच साच्यात ओतलेली, सुटी मिळत नाही. मॉडेल नंबर देऊन अख्खं पॅनेल मागवावं लागलं.

तेव्हापासून आमच्याकडं पॅनेल उतरवूनच काम होतं. यात बळाचं काम नाही, कोन सापडायला हवा. आमच्या पॅनेलच्या खुंट्या पूर्ण गोल नाहीत, एका अंगाला सपाट आहेत. पॅनेल जवळपास आडवं झालं की ते सपाट अंग खोबणीच्या तोंडासमोर येतं आणि पॅनेल स्वतःकडं ओढलं की अलगद सुटतं. त्याच्या वर किंवा खाली कितीही ओढा, येत नाही, आणि तिथंच लोक मोडतात. सुदैवानं आमच्यात हा सुटण्याचा कोन माळ्याला टेकायच्या आधी येतो. काही मॉडेलांत खुंटी सरळ न सुटता पॅनेल आधी एका बाजूला सरकवावं लागतं. आडव्या स्थितीत हलकेच डावी-उजवीकडं हलवून बघा. एका बाजूला थोडा खेळ लागला तर बहुधा तुमचं त्या जातीचं आहे. अशा एसीला त्याच बाजूला भिंत अगदी चिकटून असेल तर मात्र पंचाईत होते, पॅनेल सरकायला जागाच उरत नाही.

ओढण्यापूर्वी एक गोष्ट न चुकता बघायची. पॅनेलच्या मागून बॉडीकडं बारीक वायर जाते का? तापमानाचा आकडा दाखवणारा डिस्प्ले काही मॉडेलांत पॅनेललाच बसवलेला असतो. तसं असेल तर पॅनेल सुटल्यावर ते वायरीवर लोंबतं. कनेक्टर प्लास्टिकच्या टोकाला धरून काढायचा, वायरीला नाही. आमच्यात डिस्प्ले बॉडीवर आहे, पॅनेलमधून फक्त उजेड दिसतो, त्यामुळं मला हा त्रास नाही. दर पंधरवड्याला कनेक्टर काढघाल करावी लागली असती तर कदाचित मीही मावसभावाच्या पंथात गेलो असतो.

पॅनेल उतरल्यावर दोन्ही हात मोकळे होतात, हे प्रत्यक्ष करून बघितल्याशिवाय पटत नाही. जाळी निवांत सुटते आणि आतले पत्रेही नीट दिसतात. त्यांना बोटं लावू नका, कापतात. सुताचा थर असेल तर जाळी आधी कोरडीच व्हॅक्युमनं किंवा ब्रशनं साफ करावी. थेट नळाखाली धरली तर भुसा भिजून भोकांत बसतो. मग कोमट पाण्यानं धुवायची आणि सावलीत वाळवायची. गच्चीवर मे महिन्याच्या उन्हात टाकली की चौकट वाकडी होते, आणि वाकडी जाळी पॅनेलला आतून रेटते.

खुंट्या मोडायची दुसरी मोठी जागा हीच, बसवतानाची. जाळीची खालची कड अडकणीत बसलेली नसते, पॅनेल मिटत नाही आणि माणूस वरून धपाटे घालतो. पॅनेल मिटत नसेल तर ते उघडून जाळी परत बसवावी. दोन्ही खुंट्या खोबणीत गेल्या की पॅनेल हळू खाली आणायचं, मग डावं टोक, उजवं टोक आणि मध्य असं तळव्यानं दाबायचं. दोन्ही कडांची फट सारखी दिसली की एमसीबी चालू करायला हरकत नाही.